नवऱ्याच्या चिठ्ठ्यांमधून गुजराती

प्रश्न : लग्नानंतर नवऱ्याची मातृभाषा कोणी शिकलंय का? क्लास न लावता कसं जमलं?

माझं माहेर सांगलीचं, सासर वडोदऱ्याचं. नवऱ्याची पहिली पाळी असली की मी उठायच्या आत तो घराबाहेर पडलेला असायचा. ओट्यावर डब्याखाली चिठ्ठी असे, गुजरातीत. तो मराठी बोलतो, पण चिठ्ठी गुजरातीतच लिही असं मीच सांगितलं होतं.

लिपी लवकर जमली. शिरोरेघ नसली तरी बरीच अक्षरं आपलीच वाटतात. क, ज, ब, ल, अ मात्र नव्याने गिरवावी लागली. प आणि पाचचा आकडा इतके सारखे दिसतात, की कुठला कोणता हे वाक्यावरूनच ठरवायचं.

खरी गंमत ओळखीच्या शब्दांची. एका चिठ्ठीत होतं, ‘खांड पती गई छे.’ आता खांड म्हणजे साखर हे कळलं, पण तिच्याशी पतीचा काय संबंध? पती जवुं म्हणजे संपणं. दुसऱ्या दिवशी, ‘आजे मोडुं थशे, जमी लेजे.’ काही मोडणार नव्हतं, त्याला उशीर होणार होता आणि मी जेवून घ्यायचं होतं. मग ‘चा बनावी छे.’ आपला चहा तिकडे स्त्रीलिंगी. गुजरातीतही तीन लिंगं आहेत, पण शब्दाचं लिंग मराठीवरून धरता येत नाही. म्हणून मी नुसता शब्द न लिहिता वहीत अख्खं वाक्य उतरवून ठेवत असे.

चिठ्ठ्यांना एक मोठी मर्यादा आहे, ती आधीच ओळखा. नवरा बायकोला लिहितो ते ‘तुं’ धरून: लेजे, करजे, आवजे. तेच पाठ झालं तर सासऱ्यांनाही तेच म्हटलं जाईल आणि ते उद्धट वाटेल. त्यांना ‘पप्पा, जमी लेजो’ असंच म्हणायला हवं. शिवाय तो स्वतःबद्दल ‘हुं गयो’ लिहिणार, आपण ‘हुं गई’ म्हणायचं. म्हणून मी त्याला रोज आणखी एक ओळ लिहायला लावली, मी पप्पांना काय म्हणेन ती: ‘पप्पा, दवा लई लेजो.’ सासऱ्यांशी माझं पहिलं बोलणं या ओळींवरच झालं.

दुसरी उणीव उच्चारांची. गूळ आणि वाटोळा, दोन्ही ‘गोळ’ असेच लिहितात, बोलताना मात्र ‘ओ’ वेगवेगळा लागतो. ‘बहेन’ लिहितात आणि ‘बेन’च्या जवळपास बोलतात. हे कागदावर कळणार कसं? रात्री जेवणं झाली की सकाळचीच चिठ्ठी मी त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचे, मग मी वाचायचे.

तुम्हीही चिठ्ठ्या मागितल्यात तर त्या घरात बोलतात तशाच भाषेत मागा, पुस्तकी नकोत. आणि उत्तर त्याच कागदाच्या मागे लिहा, म्हणजे तो तिथेच दुरुस्त करून देईल.