नवमांशात शुक्र नीचेचा, म्हणून लग्न मोडेल का?

"मुलीच्या नवमांशात शुक्र नीचेचा आहे आणि सप्तमात मंगळ आहे. हे लग्न टिकणार नाही, असं एका गुरुजींनी सांगितलं. स्थळ चांगलं आहे, मुलगीही तयार आहे. आम्ही नाही म्हणायचं का?"

ताई, एवढ्यावर नकार देऊ नका. आधी मूळ पत्रिका, मग नवमांश, हा क्रम मोडला की असे निकाल निघतात. लग्नाचं सुख आहे की नाही हे जन्मकुंडली सांगते. ते किती मुरेल आणि कुठे अडेल, एवढं नवमांशातून पाहायचं.

मुलीचं कन्या लग्न आहे. सप्तमात मीनेचा, म्हणजे उच्चीचा शुक्र ८ अंश २० कलांवर आहे. सप्तमेश गुरू लाभात कर्केत, तोही उच्चीचा, आणि त्याची नववी दृष्टी थेट सप्तमावर आणि शुक्रावर येते. मुळात पाया भक्कम आहे.

नवमांश म्हणजे राशीचे ३ अंश २० कलांचे नऊ भाग. मीनेत पहिला भाग कर्केचा, दुसरा सिंहेचा, तिसरा कन्येचा. शुक्र त्या तिसऱ्या भागात आहे, म्हणून नवमांशात नीच. हे खरं आहे आणि वेळ अर्धा तास मागेपुढे झाली तरी बदलत नाही, कारण शुक्र दिवसाला साधारण सव्वा अंशच चालतो. सप्तमेश गुरू मात्र नवमांशात वृश्चिकेत, मित्राच्या घरी आहे. म्हणून इथे विच्छेद वाचू नये. कन्येतला शुक्र प्रेमातही चुका मोजतो. 'मी एवढं केलं, तू काय केलंस' हा हिशेब या मुलीच्या संसारात येईल, असं आमचं वाचन आहे.

मंगळाचं प्रकरण वेगळं. लग्न कन्येत ३ अंश १० कलांवर आहे, म्हणजे मकर नवमांशाच्या अगदी काठावर. तिथून सप्तम कर्क, आणि मंगळ कर्क नवमांशात, म्हणून तो सप्तमात दिसतो. पण कन्या लग्नाचा एक नवमांश साधारण १४ मिनिटांत सरतो. इथे तर उरल्यात फक्त १० कला, जेमतेम पाऊण मिनिट. तुम्ही सांगितलेली वेळ 'दुपारी पावणेचार', तीही आजीच्या आठवणीतली. मुलगी मिनिटभर उशिरा जन्मली असेल तर नवमांश लग्न कुंभ होतं, सप्तम सिंह होतं आणि तोच मंगळ षष्ठात जातो. ज्या गोष्टीला वेळेचा एवढाही आधार नाही, तिच्यावर स्थळ मोडणं आम्हाला पटत नाही.

दवाखान्याच्या कार्डावरची वेळ काढा. मग संगणकावर ती पाच मिनिटं मागे आणि पाच मिनिटं पुढे करून तीन नवमांश छापून घ्या. तिन्हींत जे सारखं राहील तेच धरा. बहुतेक ग्रहांच्या राशी राहतील, भाव बदलतील. मुलाच्या पत्रिकेतही सप्तमेश आणि शुक्र याच पद्धतीने तपासा. आणि साखरपुड्याआधी दोघांना घरकाम, पगार आणि सासरी-माहेरी द्यायचे पैसे यावर मोकळेपणाने बोलू द्या. शुक्राचा तो हिशेब नेमका तिथेच सुरू होतो.