मेहंदीच्या संध्याकाळी आर्टिस्ट किती आणि वेळ कसा लावायचा?

प्रश्न: नवरी आणि २० बायका आहेत, मेहंदी संध्याकाळी ५ ला सुरू केली तर जेवणापर्यंत आटपेल का, आर्टिस्ट किती लागतील?

बायकांचं ३ आर्टिस्टमध्ये साडेआठपर्यंत आटपेल, पण नवरीला वेगळी आर्टिस्ट घ्या आणि तिला दुपारी १ लाच बसवा. मी मेहंदी काढते, साध्या डिझाईनला एका हाताला १५ मिनिटं धरते म्हणजे दोन्ही हात एका बाजूने अर्धा तास, २० जणींचे १० तास झाले ते तिघींत वाटा. नवरीचे कोपरापर्यंत हात आणि पाय म्हटलं की ५ तास सहज जातात. चिठ्ठ्यांवर वेळ लिहून द्या, लहान मुलींना आधी बसवा (नाहीतर पुसून ठेवतात!). खायला काट्याने उचलता येईल असं कोरडं, एका घासाचं ठेवा, पाण्याला स्ट्रॉ. वरून सुकायला अर्धा तास लागतो, तेवढा वेळ पंखा आणि हात टेकायला उशा द्या. भरगच्च डिझाईन मागितलं तर मात्र हा हिशोब दुप्पट धरा.