बदक पक्षी का नाही?

माझी अडीच वर्षांची लेक चिमणीला पक्षी म्हणते, रंकाळ्यातल्या बदकाला नाही. मन 'पक्षी' ही कल्पना कशी साठवतं याबद्दलच्या दोन मतांपैकी हे प्रोटोटाइप की एक्झेम्प्लर?

एवढ्यावरून ठरत नाही, दोन्ही मतं लागू पडतात. प्रोटोटाइप मतात (एलिनॉर रॉश, १९७० चं दशक) चिमणी, कावळा, पोपट बघून मनात एक सरासरी पक्षी तयार होतो: छोटा, उडणारा, झाडावर बसणारा. बदक त्याच्यापासून लांब पडतं. एक्झेम्प्लर मतात (मेडिन आणि शाफर, १९७८) पाहिलेला एकेक पक्षी लक्षात राहतो, नवा त्यांच्याशी ताडला जातो; बदक त्यातल्या कुणाशीच फारसं जुळत नाही.

आता बदक दाखवून "हापण पक्षीच" सांगा, नंतर पाणकोंबडी दाखवा. चटकन ओळखली तर पारडं एक्झेम्प्लरकडे झुकतं, कारण एका बदकानं सरासरी फारशी हलत नाही. वटवाघूळ उडतं, म्हणून त्याला मात्र ती दोन्ही मतांनुसार पक्षीच म्हणण्याची शक्यता जास्त.