सूत्र बरोबर आलं का? n = 1, 2, 3 ठेवून बघ

उत्तरसूचीकडे वळण्याआधी अंकगणिती श्रेढीचं उत्तर स्वतःच तपासता येतं. समजा श्रेढी 7, 13, 19, 25, … अशी आहे आणि तुला tₙ = 6n + 7 मिळालं. n = 1 ठेव: 13 येतात, पण पहिलं पद 7 आहे. म्हणजे (n − 1)d ऐवजी nd घेतलंस. नव्यांकडून ही चूक सहज होते. बरोबर सूत्र tₙ = 6n + 1.

फक्त n = 1 वर मात्र थांबू नकोस. 5n + 2 मध्येही n = 1 ला 7 च येतात, चूक उघडी पडते ती n = 2 ला, कारण तिथे 13 ऐवजी 12 येतात.

बेरजेसाठी आधी हाताने बेरीज करत जा: 7, 20, 39. आता Sₙ = 3n² + 4n मध्ये 1, 2, 3 ठेव, तेच आकडे यायला हवेत. सूत्रात 2a ऐवजी a लिहिलं असेल, तर S₁ = 3.5 येईल. पूर्णांकांच्या बेरजेत अपूर्णांक येणं शक्यच नाही, त्यामुळे चूक लगेच दिसते. आणखी एक घोटाळा म्हणजे S₂ ची तुलना दुसऱ्या पदाशी करणं. S₂ म्हणजे पहिल्या दोन पदांची बेरीज, 20; 13 नव्हे.

या तपासणीने सूत्र पक्कं होतं, पुढचा गुणाकार नाही. S₂₀ = 1280 आलं, तर t₂₀ = 121 काढून 10 × (7 + 121) करून बघ.