फॉस्फरस, बोरॉन आणि सरकणारी फर्मी पातळी

प्रश्न: "डोपिंग वाढवलं की एन-टाइप सिलिकॉनची फर्मी पातळी वर जाते, कारण इलेक्ट्रॉन वाढतात. मग तापमान वाढवल्यावर ती खाली का येते? तेव्हाही इलेक्ट्रॉन वाढतातच ना?"

उत्तर:

गाठ 'तेव्हाही इलेक्ट्रॉन वाढतातच' या गृहीतात आहे. बेताचं डोपिंग असलेलं सिलिकॉन उणे 100 अंश सेल्सियसपासून जवळपास 200 अंशांपर्यंत तापवत नेलं, तरी कंडक्शन बँडमधल्या इलेक्ट्रॉनांची संख्या जवळजवळ तेवढीच राहते. संख्या तीच, पण तापमान वाढतंय, म्हणूनच फर्मी पातळीला खाली उतरावं लागतं. एक नमुना घेऊन आकडे मांडले की हे स्पष्ट दिसतं.

सिलिकॉनच्या एका घन सेंटिमीटरमध्ये 5×10²² अणू असतात. त्यात फॉस्फरसचे 10¹⁵ अणू घातले असं धरा, म्हणजे 5 कोटी अणूंमागे एक. फॉस्फरसच्या बाहेरच्या पाच इलेक्ट्रॉनांपैकी चार शेजारच्या सिलिकॉन अणूंशी बंध करण्यात खर्ची पडतात. पाचवा सैलसर बांधलेला असतो. त्याला सोडवायला फक्त 0.045 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, तर सिलिकॉनचा बँड गॅप 1.12 इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे.

इथे बरेच विद्यार्थी एका जागी अडतात, आणि ती शंका रास्त आहे. खोलीच्या तापमानाला kT म्हणजे 0.026 इलेक्ट्रॉन व्होल्ट. हे 0.045 पेक्षा कमी आहे, मग सगळे इलेक्ट्रॉन सुटतात कसे? उत्तर ऊर्जेत नाही, जागांच्या संख्येत आहे. 300 केल्विनला कंडक्शन बँडच्या तळाशी इलेक्ट्रॉनांसाठी जणू 2.8×10¹⁹ जागा उपलब्ध असतात. याच आकड्याला Nc म्हणतात. डोनर, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारे फॉस्फरसचे अणू, आहेत 10¹⁵. म्हणजे सुटलेल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनापुढे परतायला आपल्या वाट्याचा एक फॉस्फरस आणि भटकायला 28 हजार जागा. तो परत जाऊन बसण्याची शक्यता नगण्य उरते, त्यामुळे खोलीच्या तापमानाला जवळपास सगळे डोनर रिकामे झालेले असतात.

आता फर्मी पातळी. माझ्या मते तिच्याकडे इलेक्ट्रॉन जिथे राहतात अशी एखादी जागा म्हणून बघणं सोडायला हवं. ती जमाखर्च जुळवणारी संख्या आहे. स्फटिकावर एकूण विद्युतभार शून्य राहायला हवा. ही अट पाळली जाईल तिथेच फर्मी पातळीला बसावं लागतं, दुसरा पर्याय नसतो. आपल्या नमुन्यात 10¹⁵ डोनर धनभारित झालेत, तेव्हा कंडक्शन बँडमध्ये 10¹⁵ इलेक्ट्रॉन हवेत. n ही इलेक्ट्रॉनांची संख्या, Nd डोनरांची, Ec कंडक्शन बँडचा तळ आणि EF फर्मी पातळी धरली, तर त्यावरून:

```
n = Nc · exp[−(Ec − EF)/kT]
Ec − EF = kT · ln(Nc/Nd)
```

300 केल्विनला हे अंतर 0.265 इलेक्ट्रॉन व्होल्ट येतं, म्हणजे फर्मी पातळी गॅपच्या मध्यापासून सुमारे 0.3 वर. डोपिंग दहापट केलं तर ती kT·ln 10 इतकी, म्हणजे 0.06 इलेक्ट्रॉन व्होल्टने वर सरकते. शंभरपट केलं तर 0.12 ने. डोपिंगचा परिणाम लॉगरिदममधून येतो, म्हणून तो इतका संथ असतो.

आता हाच नमुना 500 केल्विनपर्यंत तापवा आणि क्षणभर समजा की फर्मी पातळी जागची हलली नाही. kT झाला 0.043 आणि Nc वाढून झाला 6×10¹⁹. अंतर 0.265 च ठेवून वरच्या सूत्रात घाला, तर इलेक्ट्रॉन येतात सुमारे 1.3×10¹⁷. पण फॉस्फरसचे अणू तर फक्त 10¹⁵! एकेका अणूने एक इलेक्ट्रॉन दिला, आता त्यांच्याकडे द्यायला काही उरलेलं नाही. मग हे सव्वाशेपट इलेक्ट्रॉन आले कुठून? तसं खरंच झालं, तर सगळा स्फटिक ऋणभारित होईल. म्हणून फर्मी पातळीला 0.47 इलेक्ट्रॉन व्होल्ट अंतरावर उतरावं लागतं, आणि तिथे हिशेब पुन्हा 10¹⁵ वर जुळतो. तापमानाने इलेक्ट्रॉनांच्या वाटणीचं वरचं शेपूट लांबवलं, आणि तेवढ्याच इलेक्ट्रॉनांचा हिशेब राखायला पातळी खाली आली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढ्यात आहे.

बोरॉन घातला तर हेच चित्र उलटं करून बघा. बोरॉनकडे बाहेरचे तीनच इलेक्ट्रॉन, म्हणून तो व्हॅलन्स बँडमधला एक घेतो आणि मागे होल सोडतो. त्याचीही पातळी बँडच्या कडेपासून 0.045 वरच असते. फर्मी पातळी व्हॅलन्स बँडजवळ असते आणि तापमानाबरोबर वर, मध्याकडे सरकते.

यापुढे तापवत गेलं की तुम्ही म्हणता तसे इलेक्ट्रॉन खरोखर वाढू लागतात, पण ते फॉस्फरसचे नसतात. सिलिकॉनचे स्वतःचे बंध तुटून इलेक्ट्रॉन आणि होल जोडीने निर्माण होतात. खोलीच्या तापमानाला अशा जोड्या घन सेंटिमीटरला साधारण 10¹⁰ असतात, 10¹⁵ पुढे काहीच नाहीत. 500 केल्विनला शुद्ध सिलिकॉनमध्ये त्या 1.5×10¹⁴ च्या आसपास जातात, आणि 570 केल्विनजवळ डोपिंगची बरोबरी करतात. त्यानंतर फॉस्फरस असला काय नि नसला काय, इलेक्ट्रॉन आणि होल जवळजवळ समसमान, आणि फर्मी पातळी गॅपच्या मध्याशी. 10¹⁷ डोपिंगच्या नमुन्यात ही वेळ बऱ्याच वरच्या तापमानाला येते.

एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत आम्ही फोर-प्रोबच्या जुळणीत जर्मेनियमऐवजी एन-टाइप सिलिकॉनचा तुकडा लावला होता. भट्टी 200 अंश सेल्सियसपर्यंतच जायची. रोध कमी होत जाईल आणि उतारावरून बँड गॅप काढता येईल अशी अपेक्षा होती. पण तो सतत वाढतच गेला. मी वहीत लिहिलं, 'तापमानाबरोबर वाहक कमी होतात.' ते चूक होतं. वाहक तेवढेच होते. जाळीची कंपनं वाढल्यामुळे इलेक्ट्रॉनांची गतिशीलता घटत होती. 200 अंशांनाही सिलिकॉनच्या स्वतःच्या जोड्या 10¹⁴ च्या आतच असतात, त्यामुळे बँड गॅप दिसणार तरी कसा? जर्मेनियमचा गॅप 0.66 असल्याने याच भट्टीत त्याच्या स्वतःच्या जोड्या सहज डोपिंगच्या वर जातात, म्हणून कॉलेजात तोच वापरतात. वाहक कमी झाले की गतिशीलता, हे ओळखायचं असेल तर नुसता रोध पुरत नाही, हॉल गुणांकही मोजावा लागतो. वाहकांची संख्या बदलत नाही त्या सपाट भागात हॉल गुणांक जवळजवळ स्थिर राहतो आणि रोध वाढतो, तेव्हा दोष गतिशीलतेचा असतो.

फर्मी पातळी मध्याकडे येण्याचा फटका डायोडला कसा बसतो, हेही याच आकड्यांतून दिसतं. दोन्ही बाजूंना 10¹⁵ डोपिंग असलेल्या पी-एन जंक्शनमधला अंगभूत विभव म्हणजे जोडण्याआधीच्या दोन फर्मी पातळ्यांमधलं अंतर. 300 केल्विनला ते साधारण 0.6 व्होल्ट असतं. 500 केल्विनला प्रत्येक बाजूची पातळी मध्यापासून जेमतेम 0.08 अंतरावर उरते, आणि विभव 0.16 व्होल्टवर येतो. बांध जवळपास वाहून गेलेला असतो. सिलिकॉन वितळतं 1414 अंश सेल्सियसला, पण सिलिकॉनचा डायोड त्याच्या कितीतरी आधी निकामी होतो, तो यामुळे.

थंड बाजूला मात्र पाठ्यपुस्तकातलं चित्र जरा जपून वाचावं. द्रव नायट्रोजनच्या 77 केल्विनला आपल्या नमुन्यातले सुमारे 74 टक्के डोनर अजून रिकामे असतात आणि फर्मी पातळी कंडक्शन बँडच्या 0.056 खाली असते. 30 केल्विनला मोकळे इलेक्ट्रॉन अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतात. बाकीचे फॉस्फरसवर परत जाऊन बसलेले असतात, आणि पातळी 0.032 वर पोचते. पुस्तक म्हणतं की शून्य केल्विनला ती डोनर पातळी आणि बँडची कडा यांच्या बरोबर मध्यावर, म्हणजे 0.0225 वर जाते.

हे फक्त एकही बोरॉन नसलेल्या सिलिकॉनमध्ये खरं आहे. प्रत्यक्षात बोरॉनसारखे इलेक्ट्रॉन घेणारे थोडे अॅक्सेप्टर असतातच. समजा 10¹⁵ फॉस्फरसबरोबर 10¹³ बोरॉन आहे. खोलीच्या तापमानाला त्याने काहीच बिघडत नाही, 99 टक्के इलेक्ट्रॉन शिल्लक राहतात. पण बोरॉनने गिळलेले इलेक्ट्रॉन परत येत नाहीत, म्हणून शून्य केल्विनलाही एक टक्का डोनर कायम रिकामेच राहतात. जी पातळी अर्धवट भरलेली आहे, तिथेच शून्य केल्विनला फर्मी पातळी असावी लागते, म्हणजे ती थेट डोनर पातळीवर, 0.045 वर येऊन बसते. हॉल मापनावरून n चा लॉग 1/T विरुद्ध काढला तर हा फरक डोळ्यांना दिसतो. इलेक्ट्रॉनांची संख्या बोरॉनपेक्षा जास्त असेपर्यंत उतार 0.045 च्या निम्मा येतो, आणि ती बोरॉनच्या खाली गेली की पूर्ण 0.045 चा. वळण जिथे येतं, त्यावरून बोरॉन किती आहे तेही काढता येतं. मला हे मापन फार आवडतं, कारण लाखात एक भागाच्या कितीतरी खालची भेसळ त्यात पकडली जाते.

शेवटी एक मर्यादा, कारण गणितं सोडवताना तुम्ही तिच्यावर नक्की आदळाल. वरच्या सूत्रात Nd = 10¹⁹ घातलं तर अंतर 0.027 येतं, जेमतेम एक kT. फर्मी पातळी कडेपासून तीन kT पेक्षा जवळ आली की साधी घातांकी मांडणी चालत नाही, पूर्ण फर्मी फलन घेऊन गणित करावं लागतं. सिलिकॉनसाठी ही हद्द 10¹⁸ च्या थोडी वर लागते. त्याच सुमारास, 3.7×10¹⁸ फॉस्फरसला, डोनर एकमेकांच्या इतके जवळ येतात की त्यांचे इलेक्ट्रॉन कुठल्याच एका अणूचे राहत नाहीत. असा नमुना द्रव हेलियममध्ये बुडवला तरी त्याचे इलेक्ट्रॉन गोठत नाहीत, तो धातूसारखा वीज वाहतच राहतो.