चौकोनाचा पंचकोन कसा झाला?

प्रश्न: वहीतल्या आकृतीचा फोटो जोडलाय. चौकोनी रिंग, तिच्या एका कोपऱ्याला बाहेर एक कार्बन, त्यावर OH आणि दोन मिथाइल. बाणावर H₂SO₄ आणि उष्णता. उत्तरात पंचकोनी रिंग दिली आहे. ती कुठून आली? प्रत्येक बाण समजावून सांगाल का?

उत्तर: आधी कार्बनना क्रमांक द्या, नाहीतर मधेच एखादा हरवतो. रिंगमधले १ ते ४, १ ला जोडलेला बाहेरचा ५, मिथाइल ६ आणि ७. OH ५ वर आहे.

पहिला बाण ऑक्सिजनच्या एकाकी जोडीपासून आम्लाच्या H कडे जातो. बरेच जण तो H पासून ऑक्सिजनकडे काढतात, पण H⁺ कडे द्यायला इलेक्ट्रॉनच नसतात. आता ऑक्सिजनवर धन प्रभार आला. C५–O बंधाची जोडी ऑक्सिजनकडे वळते, पाणी सुटतं आणि ५ वर तृतीयक कार्बोकॅटायन उरतो.

खरी गंमत इथे आहे. पुढचा बाण C१–C२ बंधाच्या मध्यापासून निघून ५ कडे जातो. म्हणजे २ क्रमांकाचा कार्बन १ ला सोडून ५ ला धरतो. आता १-५-२-३-४ असं फिरून बघा: पाच कार्बनांची रिंग! धन प्रभार १ वर गेला.

पण तृतीयक कॅटायन सोडून द्वितीयक का पत्करायचा? कारण चौकोनी रिंगमध्ये मोलमागे सुमारे २६ किलोकॅलरी ताण असतो, पंचकोनीत फक्त ६ च्या आसपास. ताण सुटण्याचा फायदा त्या तोट्यापेक्षा मोठा आहे.

शिवाय हा द्वितीयक कॅटायन फार टिकतही नाही. शेजारच्या ५ वरचा एक मिथाइल आपल्या बंधाची जोडी घेऊन १ वर सरकतो. हा बाण C५–C६ बंधापासून १ कडे. प्रभार पुन्हा ५ वर, आणि तो पुन्हा तृतीयक.

शेवटी पाणी १ वरचा H उचलतं. C१–H ची जोडी १ आणि ५ च्या मध्ये येऊन दुहेरी बंध होतो आणि आम्ल परत मिळतं. मुख्य उत्पादन १,२-डायमिथाइलसायक्लोपेंटीन. H २ वरून गेला तर कमी प्रतिस्थापित अल्कीनही थोडं बनतं.

हिशेब जुळतोय का पाहा: C₇H₁₄O मधून H₂O गेलं, C₇H₁₂ उरलं. कार्बन सहा किंवा आठ आले, तर एखादा मिथाइल गळाला किंवा रिंग वाढवताना एखादा कार्बन जास्तीचा काढला गेला असं समजा.

रिंग न वाढता नुसतं पाणी गेलं असतं, तर चौकोनाबाहेर, १ आणि ५ च्या मध्ये दुहेरी बंध असलेलं अल्कीनही मिळू शकलं असतं. त्याच्या दुहेरी बंधावरही H नसतो, त्यामुळे प्रोटॉन एनएमआरमध्ये त्या भागात दोघांचाही सिग्नल नसतो. कार्बन-१३ एनएमआरमध्ये मात्र फरक दिसतो: आपल्या सममित उत्पादनाचे चार सिग्नल, त्याचे पाच.