रंगावरचं बोलणं मुलीच्या देखतच थांबवा

तुमची मोठी लेक चार वर्षांची आहे, म्हणजे घरात तिच्या रंगाची धाकट्या बहिणीशी होणारी तुलना तिला कळते. 1940 च्या दशकात अमेरिकेत क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांसमोर गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या, तेव्हा बहुतेकांनी गोरीच 'चांगली' म्हणून निवडली. त्यामुळे आजी 'ही धाकटीसारखी उजळ नाही' म्हणाली, तर आजीला नंतर बाजूला घेऊन समजावू नका. लेकीला ते ऐकूच येत नाही. तिथल्या तिथे, शांतपणे म्हणा, 'आई, दोघींच्या रंगाची तुलना नको.' 'तूही गोरीच आहेस' अशी लेकीची समजूत मात्र घालू नका, मोजपट्टी तीच राहते. ती साबणाने अंग घासत बसली किंवा स्वतःचं चित्र फिक्या रंगात काढू लागली, तर न रागावता विचारा, कोण काय म्हणालं.